अल्जिनेट की सिलिकॉन : दाताचे माप नेमके कुठे बिघडते

हा लेख तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्यांसाठी, त्यांच्या मदतनिसांसाठी आणि लॅबमध्ये ते माप हाती घेणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आहे. खानदेशात बहुतेक ठिकाणी दवाखाना एका गावात आणि लॅब दुसऱ्या गावात असते. माप शहादा, यावल किंवा पारोळ्याला घेतले जाते आणि कॅप धुळ्यात, जळगावात किंवा नाशकात बनते. मधला प्रवास एस.टी.च्या पार्सलने किंवा लॅबच्या माणसाच्या पिशवीतून होतो. माप बिघडण्याची निम्मी कारणे या अंतरात आणि इथल्या उन्हाळ्यात दडलेली आहेत, म्हणून साहित्याची निवडही त्यांचा विचार करूनच करावी लागते.

सगळ्या प्रकारची मापे एका लेखात बसत नाहीत. त्यामुळे रोज लागणारे एकच काम उदाहरणाला घेऊ: खालच्या उजव्या पहिल्या दाढेवर एक कॅप बसवायची आहे, लॅब दुसऱ्या गावी आहे, आणि रुग्ण बाई शेतमजुरी करणाऱ्या असल्याने पुन्हा मापासाठी बोलावले तर त्यांचा दिवसाचा रोज बुडणार आहे.

## पायरी १ : निवड दोन प्रश्नांवर करावी

पहिला प्रश्न असा, की या मापातून घासलेल्या दाताची कड स्पष्ट उमटायला हवी आहे का? दुसरा असा, की माप तोंडातून निघाल्यापासून किती वेळाने त्यात डेंटल स्टोन ओतला जाणार आहे?

कॅप किंवा ब्रिजसाठी घासलेल्या दाताची कड हिरडीलगत किंवा हिरडीच्या किंचित आत असते. तेवढ्या बारीक जागेत शिरून ती रेषा उचलणे आणि बाहेर निघताना न फाटणे अल्जिनेटला जमत नाही, म्हणून त्या जबड्याचे माप सिलिकॉनचेच हवे. समोरच्या जबड्याचे, म्हणजे आपल्या उदाहरणात वरच्या दातांचे, फक्त चावण्याचे पृष्ठभाग अचूक हवे असतात. तिथे अल्जिनेट पुरते. अभ्यासाचे मॉडेल, काढता-घालता येणाऱ्या कवळीचे प्राथमिक माप, तारा बसवण्यापूर्वीचे मॉडेल या कामांनाही ते पुरते.

मात्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘अर्ध्या तासापेक्षा जास्त’ असे असेल, तर साधे अल्जिनेट बाद समजावे. सेट झालेल्या अल्जिनेटचा बहुतांश भाग पाणीच असतो. ते उघड्यावर राहिले की पाणी सोडून आक्रसते आणि ओल्या बोळ्यात गुंडाळले की पाणी शोषून फुगते. काही उत्पादक अनेक दिवस टिकणारे अल्जिनेट विकतात; त्यांच्या पत्रकावरची मुदत वेगळी असते, पण ती बंद पिशवीतल्या, थंड जागी ठेवलेल्या मापाची असते, मे महिन्यात बसच्या टपावर ठेवलेल्या खोक्यातल्या मापाची नव्हे.

यातून कामाचा क्रमच ठरतो. आधी वरच्या जबड्याचे अल्जिनेट माप घ्यावे आणि ते दवाखान्यातच ओतावे. ते मॉडेल घट्ट होत असताना खालचा दात घासावा आणि सिलिकॉनचे माप शेवटी घ्यावे. गावाबाहेर जायला हवे ते वरचे स्टोनचे मॉडेल आणि खालचे सिलिकॉनचे माप. कच्चे अल्जिनेट माप गावाबाहेर जाता कामा नये. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी नेमके उलटे घडते: दात घासून झाल्यावर दोन्ही मापे एकापाठोपाठ घेतली जातात आणि एकाच पिशवीत भरून लॅबला रवाना होतात.

## पायरी २ : पाणी, पावडर आणि वाडगा

अल्जिनेटच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी पाण्याच्या असतात. पाण्याचे तापमान २० ते २३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे, असे गृहीत धरूनच डब्यावरच्या वेळा छापलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी हात पोळेल इतके गरम असते. त्यात कालवलेले अल्जिनेट ट्रे तोंडात जाण्यापूर्वीच आळू लागते. शिवाय अनेक गावांत पाणी बोअरचे आणि जड असते. त्यातल्या कॅल्शियममुळेही सेट होण्याची क्रिया लवकर सुरू होते.

उपाय म्हणून बहुतेक जण थंड पाण्याच्या जारकडे वळतात. ते योग्यच आहे, पण सकाळी नुकताच आलेला जार फार थंड असतो आणि संध्याकाळपर्यंत तो खोलीच्या तापमानाला येतो. फार थंड पाण्यात अल्जिनेट सावकाश सेट होते, आणि नेहमीच्या अंदाजाने ट्रे काढणारा माणूस ते कच्चेच बाहेर ओढतो. म्हणून पाण्यात बुडवता येणारा एक साधा थर्मामीटर टेबलावर ठेवावा आणि जारचे पाणी व साधे शुद्ध पाणी मिसळून तापमान जुळवावे. सेट होण्याची वेळ वाढवायची वा घटवायची असेल तर तापमानात थोडा बदल करावा. पावडर कमी-जास्त करू नये. पाणी जास्त झाले की माप दुबळे होऊन फाटते, पावडर जास्त झाली की मिश्रण खरबरीत राहून दातांभोवती नीट पसरत नाही.

पावडर मोजण्यापूर्वी बंद डबा उलटासुलटा करून आतली पावडर मोकळी करावी, कारण तळाशी दबलेल्या पावडरीचा चमचा वरच्यापेक्षा जड भरतो. हलवल्यावर लगेच झाकण उघडू नये. धूळ खाली बसू द्यावी, कारण ती श्वासात जाणे चांगले नाही. डब्यासोबत आलेलाच चमचा आणि त्याच डब्याचे पाण्याचे माप वापरावे. एका कंपनीचा चमचा दुसऱ्या कंपनीच्या पावडरीला चालत नाही, आणि हे सांगूनही एका ड्रॉवरमध्ये तीन-चार चमचे एकत्र पडलेले असतातच.

सावधान : ५४ अंशांच्या आसपास महिनाभर साठवलेली अल्जिनेट पावडर खराब होऊ लागते. शिबिराला नेलेला डबा नंतर कितीतरी दिवस उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पडून राहिला असेल, तर तो रुग्णासाठी वापरण्यापूर्वी थोडी पावडर कालवून पाहावी. ती नीट सेट झाली नाही किंवा बोटाने सहज फाटली, तर डबा टाकून द्यावा.

तपासणी : अल्जिनेटचा वाडगा आणि प्लास्टरचा वाडगा वेगळा आहे ना? वाडग्याला चिकटून राहिलेले जुने जिप्समचे कण अल्जिनेट वेळेआधी सेट करतात. ‘आज पावडर लवकर आळते आहे’ असे वाटले, तर डब्याला दोष देण्यापूर्वी वाडग्याचा तळ उजेडात पाहावा.

## पायरी ३ : कालवणे आणि तोंडात धरणे

वाडग्यात आधी पाणी घ्यावे आणि त्यात पावडर टाकावी. उलटे केल्यास तळाशी कोरडी पावडर अडकून राहते. आधी पावडर ओली होईपर्यंत हलके ढवळावे आणि मग स्पॅच्युलाच्या पात्याने मिश्रण वाडग्याच्या भिंतीवर जोराने घासून दाबत राहावे. ढवळण्याने हवा आत जाते, तर भिंतीवर दाबल्याने ती बाहेर पडते. साध्या अल्जिनेटला ४५ ते ६० सेकंद पुरतात. मिश्रण एकजीव आणि तुकतुकीत दिसले पाहिजे आणि स्पॅच्युला उचलल्यावर ओघळता कामा नये.

ट्रे दातांपेक्षा एवढा रुंद असावा, की दात आणि ट्रे यांच्यामध्ये अल्जिनेटचा निदान ३ मिलिमीटरचा थर राहील. थर पातळ राहिला की ट्रे काढताना तो ताणला जाऊन परत मूळ आकारावर येत नाही. ट्रे बसवताना आधी मागची बाजू टेकवावी आणि मग पुढची दाबावी. त्यामुळे जास्तीचे साहित्य घशाकडे न जाता पुढे येते. दाढांच्या खाचांत बोटाने आधीच थोडे अल्जिनेट भरून घेतले, तर चावण्याच्या पृष्ठभागावर बुडबुडे राहत नाहीत, आणि आपल्याला तोच पृष्ठभाग हवा आहे.

ट्रे बसला की तो हलता कामा नये. अल्जिनेट दात आणि हिरडीला लागून असलेल्या बाजूने आधी सेट होते, कारण तिथे ऊब असते. बाहेरून ते मऊ दिसत असतानाही आतला थर आकार धरत असतो आणि त्या क्षणी ट्रे जरा जरी सरकला, तरी तो ताण मापात कायमचा राहतो. ‘जरा धरून ठेवा बरं’ असे रुग्णाला सांगून हात धुवायला जाणे ही म्हणूनच मोठी चूक आहे.

वर आलेले साहित्य बोटाला चिकटेनासे झाले, म्हणजे माप झाले असे नव्हे. तिथून पुढे आणखी २ ते ३ मिनिटे थांबावे, कारण फाटण्याला विरोध करणारी ताकद याच वेळात वाढते. काढताना आधी गाल बाजूला ओढून कडेने हवा शिरू द्यावी आणि दातांच्या उभ्या दिशेत एका झटक्यात ट्रे काढावा. हळूहळू डुलवत काढलेले अल्जिनेट फाटतेही आणि वाकतेही.

## पायरी ४ : अर्ध्या तासाच्या आत ओतणे

माप नळाच्या संथ धारेखाली धुऊन लाळ आणि रक्त घालवावे. त्यावर जंतुनाशक फवारून ते बंद प्लास्टिकच्या पिशवीत पत्रकात सांगितलेला वेळ ठेवावे. बहुतेक द्रावणांना १० मिनिटे लागतात. बादलीत बुडवून विसरून जाऊ नये. पुन्हा धुऊन साचलेले पाणी झटकावे, पण पृष्ठभाग कोरडा ठणठणीत करू नये. लगेच स्टोन कालवून व्हायब्रेटरवर एका टोकाकडून सोडावा, म्हणजे हवा दुसऱ्या टोकाने निघून जाते.

ट्रेच्या मागच्या कडेबाहेर लोंबणारे अल्जिनेट आधी धारदार सुरीने कापून टाकावे. तसा ट्रे टेबलावर ठेवला, की लोंबणारा भाग वर ढकलला जातो आणि दाढांकडचे माप ट्रेपासून सुटते. नेमक्या ज्या दाढांवर कॅप चावणार आहे, त्याच उचलल्या जातात.

४५ ते ६० मिनिटांनी मॉडेल मापापासून वेगळे करावे. ते रात्रभर तसेच ठेवले, तर स्टोनचा पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत होतो.

आता उलट्या क्रमाने काम झाले तर काय होते, ते आपल्या उदाहरणात पाहू. समजा, खालचे सिलिकॉन उत्तम आले, पण वरचे अल्जिनेट ओल्या कापसात गुंडाळून दुपारच्या बसने गेले आणि लॅबमध्ये संध्याकाळी ओतले गेले. लॅबकडे चाव्याची नोंद आहे, पण वरचे मॉडेल तिच्यात नीट बसत नाही. तंत्रज्ञ ते दाबून बसवतो आणि कॅप बनवतो. चार-पाच दिवसांनी कॅप येते, दातावर अगदी सुरेख बसते, कडेला फट नसते, पण बाईंनी तोंड मिटले की एकट्या त्या कॅपवरच दात टेकतात. मग घासणे सुरू होते. कॅप पातळ होत जाते, कधी भोक पडते, आणि दोष लॅबवर जातो.

अशी कॅप हाती आली तर तपासणीची रीत सोपी आहे. चाव्याची नोंद रुग्णाच्या तोंडात पुन्हा धरून पाहावी आणि मग तीच नोंद वरच्या मॉडेलवर ठेवावी. तोंडात नीट बसणारी नोंद मॉडेलवर डुलत असेल, तर बिघाड कॅपमध्ये किंवा सिलिकॉनमध्ये नसून वरच्या अल्जिनेट मापात आहे. कॅप कडेलाच बसत नसेल, तर मात्र सिलिकॉनच्या मापाकडे वळावे.

## पायरी ५ : आपल्याकडचे सिलिकॉन कोणते, ते आधी ओळखणे

‘सिलिकॉन आहे, टिकते’ हे अर्धे खरे आहे. कंडेन्सेशन सिलिकॉन सेट होताना अल्कोहोल बाहेर पडते आणि माप आक्रसत जाते. तेही अर्ध्या तासाच्या आसपास ओतावे लागते, म्हणून परगावच्या लॅबसाठी ते कामाचे नाही. अॅडिशन सिलिकॉनमधून असे काही बाहेर पडत नसल्याने ते दिवसचे दिवस आकार धरून राहते आणि त्यातून दुसरे मॉडेलही ओतता येते. खोक्यावरचे नाव वाचावे. साधारण खूण अशी, की एक मोठा डबा आणि सोबत कॅटॅलिस्टची छोटी ट्यूब असेल तर ते कंडेन्सेशन, आणि सारख्या आकाराचे दोन डबे असतील तर ते अॅडिशन. कंडेन्सेशन स्वस्त पडते म्हणून बरेच जण तेच घेतात. दवाखान्यातच ओतणार असाल तर त्याला हरकत नाही.

सावधान : अॅडिशन सिलिकॉनची पुटी लॅटेक्सचे हातमोजे घालून मळू नये. लॅटेक्समधल्या गंधकाच्या संयुगांमुळे पुटी नीट सेट होत नाही आणि पृष्ठभाग चिकट राहतो. नायट्राइल किंवा व्हिनाइलचे मोजे घालावेत. लॅटेक्स काढून लगेच उघड्या हातांनी मळणेही चालत नाही, कारण अंश हाताला राहतो. साबणाने हात धुवावेत. त्याच लॅटेक्स मोज्याने घासलेला दात किंवा हिरडीतली दोरी हाताळली असेल, तर नेमका कडेवरचा लाइट बॉडी कच्चा राहतो. हे बाहेरून पुटीकडे पाहून कळत नाही, म्हणून कारण सापडत नाही.

## पायरी ६ : पुटीचे माप, मधली जागा राखून

पुटी आणि लाइट बॉडी एकाच वेळी वापरण्याची पद्धत चांगली आहे, पण तिला दोन तयार माणसे लागतात. एकाने पुटी मळायची आणि त्याच वेळी दुसऱ्याने दाताभोवती लाइट बॉडी सोडायची. एकच मदतनीस असलेल्या दवाखान्यात, त्यातही उन्हाळ्यात, यातला एक भाग दुसऱ्याची वाट पाहता पाहता आळतो. म्हणून अशा दवाखान्यासाठी दोन टप्प्यांची पद्धतच मी सुचवेन.

कडक धातूचा ट्रे घ्यावा. पुटीच्या दाबाने प्लास्टिकचा पातळ ट्रे फाकतो आणि तोंडाबाहेर आला की पुन्हा मिटतो. सिलिकॉनसाठीचेच चिकटद्रव्य लावून ते पत्रकात दिलेल्या वेळापर्यंत वाळू द्यावे. ओल्या चिकटद्रव्यावर पुटी घसरते.

दात घासण्यापूर्वी पुटीचे माप घ्यावे, म्हणजे घासून निघालेली जागा पुढे लाइट बॉडीला मिळते. दात आधीच घासलेला असेल तर पुटीवर प्लास्टिकचा पातळ कागद पसरून माप घ्यावे. पुटी सेट झाल्यावर दातांच्या मधल्या फटींत शिरलेले पडदे आणि खाचा सुरीने कापाव्यात आणि जास्तीचा लाइट बॉडी बाहेर पडायला वाटा कोराव्यात. जागा न ठेवता ट्रे पुन्हा दाबला, तर अडकलेला लाइट बॉडी पुटीला बाहेर ढकलतो. ट्रे काढला की पुटी आत परतते, मॉडेलवरचा दात खऱ्यापेक्षा बारीक येतो आणि कॅप घट्ट होऊन अर्ध्यावर अडते. माप मात्र दिसायला निर्दोष असते.

## पायरी ७ : कड कोरडी करणे आणि लाइट बॉडी

सिलिकॉन मुळात पाण्याला दूर ठेवते. पत्रकावर ते पाणी सहन करणारे असल्याचे लिहिलेले असले, तरी हिरडीतून झिरपणारे रक्त त्याला चालत नाही. रक्त येतच असेल तर दात तात्पुरता झाकून मापाला दुसरा दिवस द्यावा. रोज बुडतो हे खरे, पण कड न आलेल्या मापावर बनलेली कॅप घेऊनही बाईंना परतच यावे लागणार.

औषधात भिजवलेली दोरी हिरडीत ठेवावी. वेळ झाल्यावर ती ओली करून काढावी, कारण कोरडी दोरी ओढली की रक्त येते. औषधाचा अंशही सिलिकॉनला कच्चे ठेवू शकतो, म्हणून दात पाण्याने नीट धुऊन मगच वाळवावा. पुटीचे माप लाळेने माखलेले असेल तर तेही धुऊन कोरडे करावे. ओल्या पुटीला लाइट बॉडी धरत नाही आणि पुढे पापुद्र्यासारखा सुटतो.

कार्ट्रिजला टिप लावण्यापूर्वी थोडे साहित्य बाहेर दाबून दोन्ही नळ्यांतून सारखे येते का, ते पाहावे. दाताच्या मागच्या बाजूच्या कडेवर टिप टेकवून सुरुवात करावी आणि टोक साहित्यातून बाहेर न काढता पूर्ण फेरी मारावी. टोक उचलून पुन्हा टेकवले की तिथे हवा अडकते.

पत्रकावरची काम करण्याची मुदत २३ अंशांच्या आसपासची असते. बिनएसीच्या खोलीत ४० अंश असताना ती बरीच कमी होते. कार्ट्रिज आणि पुटी काही वेळ फ्रिजमध्ये ठेवल्यास थोडी उसंत मिळते, मात्र फ्रीझरमध्ये ठेवू नये. याच कारणाने आणखी एक फसगत होते. टेबलावर उरलेला लाइट बॉडी सेट झाला की तोंडातलाही झाला, असे मानण्याची सवय असते. मे महिन्यात टेबल तोंडापेक्षा गरम असू शकते. तेव्हा घड्याळ लावून पत्रकातला पूर्ण वेळ धरावा आणि तोंडातल्याच साहित्यावर उपकरणाचे बोथट टोक दाबून, खड्डा उरतो का ते पाहावे.

## पायरी ८ : बाई खुर्चीत असतानाच पाहणी आणि मग रवानगी

माप धुऊन वाळवावे आणि भिंग लावून उजेडात फिरवून पाहावे. घासलेल्या दाताची कड न तुटता सबंध दिसली पाहिजे आणि तिच्या पलीकडे हिरडीत शिरलेल्या साहित्याची पातळ झालर उभी असली पाहिजे. कडेवर एक बुडबुडा असला तरी माप पुन्हा घ्यावे. कडेपासून दूर असलेला बुडबुडा लॅब सांभाळून घेऊ शकते. दाताच्या जागी पुटी उघडी पडली असेल किंवा ट्रेचा धातू दिसत असेल, तर ट्रे जास्त दाबला गेला आहे. लाइट बॉडीचा कोपरा नखाने हलकेच उचलून तो सुटत नाही ना, हेही पाहावे.

पत्रकाप्रमाणे निर्जंतुक करून, धुऊन, कोरडे करून ते कडक डब्यात ठेवावे, असे की वर काही टेकणार नाही. वरचे स्टोनचे मॉडेल वेगळे गुंडाळावे. एकाच पिशवीत दोन्ही भरली तर मॉडेलचे दात मोडतात. काही अॅडिशन सिलिकॉनमधून सुरुवातीला हायड्रोजन सुटतो आणि लगेच ओतलेल्या मॉडेलवर बारीक खड्डे पडतात. बसने जाणाऱ्या मापाला ही अडचण सहसा येत नाही, पण लॅब गावातच असेल तर पत्रकाप्रमाणे अर्धा ते एक तास थांबून ओतायला सांगावे. लॅबच्या चिठ्ठीवर दाताचा क्रमांक आणि रंग यांबरोबर सिलिकॉनचे पूर्ण नाव, माप घेतल्याची वेळ आणि ‘वरचे मॉडेल दवाखान्यात ओतलेले’ एवढे लिहावे.